हलका आठवडा सरकवता येतो

गेल्या काही वर्षांत जिममध्ये, धावण्याच्या ग्रुपमध्ये आणि मोबाइलच्या पडद्यावर एक तक्ता वारंवार दिसू लागला आहे. गोल चक्र, त्याचे चार रंगीत भाग. पाळीचे दिवस लाल, तिथे फक्त चालणं आणि योगासनं. त्यानंतरचा आठवडा हिरवा, तिथे जड वजनं आणि वेगाची पळापळ. मग पिवळा, मग जांभळा, आणि प्रत्येक रंगासमोर काय करावं नि काय टाळावं याची यादी. तक्ता दिसायला सुबक असतो. इतकी वर्षं या विषयावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं, त्यामुळे पाहणारीला बरंही वाटतं, की कोणीतरी आपल्या शरीराचा विचार केला.

अडचण एवढीच, की त्या तक्त्यातली बाई अठ्ठावीस दिवसांची आहे आणि तिचं बीज बरोबर चौदाव्या दिवशी सुटतं. प्रत्यक्षातल्या बायका अशा क्वचित असतात. 2019 साली सहा लाखांहून जास्त मासिक चक्रांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी लांबी 29.3 दिवस निघाली आणि बीज सुटण्याआधीचा काळ सरासरी 16.9 दिवसांचा. तोही सरासरीच. एकाच बाईचं चक्र एका महिन्यात सव्वीस दिवसांचं आणि पुढच्या महिन्यात एकतीस दिवसांचं असू शकतं, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. अशा बाईने रंग बघून वजन उचलायचं ठरवलं, तर ती दर महिन्याला चुकीच्या रंगात उभी असेल.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. पाळीच्या दिवसांत ताकद आणि दम खरंच कमी होतो का? 2020 मध्ये एका संशोधकगटाने या विषयावरचे 78 अभ्यास एकत्र करून पाहिले. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत कामगिरी किंचित, अगदी नगण्य म्हणावी इतकी, खाली येत असावी, असं त्यांना दिसलं. सोबत त्यांनी हेही लिहिलं, की यातल्या बऱ्याच अभ्यासांचा दर्जा कच्चा आहे, सगळ्यांना लागू होईल असा नियम त्यातून काढता येत नाही, आणि प्रत्येकीने स्वतःच्या अनुभवावरून ठरवावं. वजनांच्या व्यायामाबद्दलही आतापर्यंतचं चित्र तसंच आहे. स्नायू अमुक आठवड्यात जास्त वाढतात आणि तमुक आठवड्यात कमी, याला भक्कम आधार सापडलेला नाही.

पण हे वाचून ‘म्हणजे सगळं मनाचे खेळ’ असं म्हणणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याच्याकडे पाठ फिरवावी. ही सरासरी शेकडो बायकांची असते. त्यात जिला पाळी आली तरी पत्ता लागत नाही ती असते, आणि पोटातल्या कळांनी जिला कॉटवरून उठवत नाही तीही असते. दोघींची बेरीज करून भागाकार केला, की उत्तर ‘नगण्य’ येणारच. दुसरीच्या कळा त्यामुळे नगण्य होत नाहीत. म्हणून कॅलेंडरवरचा दिवस कितवा, यापेक्षा आज लक्षण काय आहे आणि किती आहे, याला धरून व्यायाम बदलायचा. हे करायचं कसं, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, ठाण्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी, पस्तिशीतली एक बाई जानेवारीतल्या मुंबईच्या अर्धमॅरेथॉनची तयारी करते आहे. अंतर 21 किलोमीटरच्या थोडं वर. मंगळवारी पहाटे ती 7 किलोमीटर धावते, त्यात मधले काही तुकडे वेगात. गुरुवारी 6 किलोमीटर, गप्पा मारत जाता येईल अशा चालीने. रविवारी लांब धाव. सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी जिममध्ये पाऊण तास. रविवारचं अंतर चार आठवड्यांत 12, 14, 16 आणि मग 10 असं ठेवलेलं. शेवटचा दहाचा आठवडा मुद्दाम हलका, कारण तीन आठवडे भार वाढवल्यावर शरीराला तो पचवायला वेळ लागतो. चार आठवड्यांची बेरीज 104 किलोमीटर.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी तिला पाळी येते. दुसऱ्या दिवशी पहाटे 16 किलोमीटर.

या कळा येतात कुठून, हे थोडक्यात समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटायला लागलं, की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावतात. आकुंचन जोराचं झालं, की त्या स्नायूतला रक्तपुरवठा काही क्षण तुटतो आणि कळ उठते. हीच रसायनं रक्तातून पसरली, की मळमळ, जुलाब, डोकेदुखी, कंबर आणि मांड्या भरून येणं, असा सगळा लवाजमा येतो. त्यांचं प्रमाण पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतं. म्हणून साधी, आजार नसलेली पाळीदुखी सहसा स्राव सुरू होण्याच्या आसपास सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते.

आता रविवारची पहाट. आमच्या बाईला झोप तुटक लागली आहे, पोटात कळ आहे. शून्य ते दहाच्या मापात ती म्हणते, सहा. इथे बहुतेक जणी दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर दात-ओठ खाऊन सोळा किलोमीटर ओढतात आणि पुढचे तीन दिवस काहीच करू शकत नाहीत. नाही तर घरीच राहतात आणि ‘प्लॅन बोंबलला’ म्हणून दिवसभर स्वतःवर चिडतात. तिसरी वाट अशी, की तिने निर्णय घराच्या दारात घ्यायचाच नाही. तो दहा मिनिटांनी, रस्त्यावर घ्यायचा.

तीन मिनिटं चालायचं, मग सात मिनिटं अगदी सावकाश पळायचं. दहाव्या मिनिटाला स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. कळ कमी झाली, तशीच आहे, की वाढली? एक अख्खं वाक्य न थांबता बोलता येतंय का? आणि पाऊल नेहमीसारखं पडतंय, की पोट धरून वाकल्यासारखं? बऱ्याच जणींची कळ या दहा मिनिटांत दोन-तीन अंकांनी खाली येते. तसं झालं तर ठरलेली धाव सुरू ठेवायला काहीच हरकत नाही, पाळी आहे म्हणून शरीराला त्याने इजा होत नाही. तशीच राहिली तर छोटी आवृत्ती. वाढली, घेरी आली, उलटीसारखं वाटलं, तर घरी. दहा मिनिटं फुकट गेली असं मानू नये. व्यायामाने कळा कमी होतात का, याचे अभ्यास एकत्र तपासून 2019 साली आलेल्या कॉक्रेन आढाव्यात असं दिसलं, की आठवड्यातून तीन वेळा, पाऊण ते एक तास नियमित व्यायाम करणाऱ्या बायकांची पाळीदुखी शंभरच्या मापात सुमारे 25 अंकांनी कमी होते. तो व्यायाम जोराचा होता की हळूवार, याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. पुरावा अजून पक्का नाही, पण दिशा उत्साहवर्धक आहे. फक्त हा फायदा महिनाभर व्यायाम ठेवण्याचा आहे, कळ आलेल्या सकाळी जिवावर उदार होण्याचा नाही.

आमच्या बाईची कळ सहावरून चारवर येते आणि तिथेच थांबते. म्हणजे छोटी आवृत्ती. ती 6 किलोमीटर धावते आणि घरी जाते.

यात एक बारकावा आहे, तो पुस्तकी तक्त्यांत कधीच नसतो. तिची नेहमीची रविवारची वाट घोडबंदर रोडने लांब जाऊन परत येणारी. पहिल्या दिवशी ती वाट नको. आपल्याकडे पहाटे साडेपाचला रस्त्यावर उघडं, वापरता येईल असं स्वच्छतागृह मिळणं हा नशिबाचा भाग आहे. अंगावरून जास्त जात असेल, तर बाई धावत असते पायांनी आणि लक्ष असतं भलतीकडे. म्हणून त्या दिवशी उपवन तलावाभोवती फेऱ्या. घर जवळ, कधीही थांबता येतं, आणि अंतर वाढवावंसं वाटलं तर एक फेरी जास्त. गडद रंगाची चड्डी, कंबरेच्या पाऊचमध्ये एक जादा पॅड. ज्यांना मेन्स्ट्रुअल कप जमतो त्यांना लांब अंतरासाठी तो सोयीचा पडतो, पण तो पहिल्यांदा वापरून पाहायचा तर घरात, रविवारच्या धावेत नाही. ही सोय झाली की अर्ध्या जणींचं ‘आज जमणार नाही’ हे ‘बघू, किती जमतं’ होतं.

मग त्या सोळा किलोमीटरचं काय? ते पुढच्या रविवारी. आणि पुढच्या रविवारचे दहा, जो हलका आठवडा होता, तो आत्ताच होऊन गेला असं समजायचं. 12, 14, 16, 10 याऐवजी 12, 14, 6, 16. महिन्याची बेरीज 104 ऐवजी 100. चार किलोमीटर कमी. चार महिन्यांच्या तयारीत याने काहीही बिघडत नाही. हलका आठवडा तिच्या योजनेत आधीपासून होताच, तो फक्त एक घर पुढे सरकला. योजना आखतानाच तो चौथ्या आठवड्याला खिळे ठोकून न बसवता ‘या महिन्यात एक, लागेल तेव्हा’ असा मोकळा ठेवला, तर प्रत्येक पाळीला योजना मोडल्यासारखं वाटणार नाही.

पण मग तो दर चौथ्या आठवड्याला, पाळीच्या आठवड्यातच का नको ठेवायला? कारण पाळीला वार कळत नाही. या वेळी शनिवारी आली. पुढचं चक्र तीस दिवसांचं झालं तर ती सोमवारी येईल. रविवारची लांब धाव सुखरूप पार पडलेली असेल आणि अडचण येईल ती मंगळवारच्या वेगाच्या तुकड्यांना. तेव्हा मंगळवार आणि गुरुवार यांची अदलाबदल केली की झालं, अख्खा आठवडा हलका करायची गरज नाही. सव्वीस दिवसांचं झालं तर ती गुरुवारी येईल, आणि गुरुवारची धाव मुळातच सावकाश. तिथे काहीच बदलायला नको.

जिममधला हिशेब थोडा वेगळा. समजा सोमवारी स्क्वाट आहे, चाळीस किलो, सहा-सहाचे चार सेट. पाळीचा दुसरा किंवा तिसरा दिवस. चाळीसवर थेट जायचं नाही. आधी रिकामा बार, म्हणजे वीस किलो, मग तीस. तीस किलो नेहमी जितकं वाटतं तितकंच वाटलं तर चाळीस लावायचे. तीस किलोच आज चाळीससारखं जड वाटलं, तर आजचं वजन तीस. सेट चारऐवजी दोन किंवा तीन. आणि प्रत्येक सेट संपवताना अजून तीन-चार वेळा उठबस झाली असती इतकी ताकद शिल्लक राहिली पाहिजे. एरवी एक-दोन शिल्लक ठेवून थांबतो, आज जरा जास्त ठेवायची. पोट आवळून, श्वास कोंडून जड वजन उचलणं काहींना त्या दिवशी नकोसं होतं, पट्टा तर अजिबात सहन होत नाही. त्या दिवशी स्क्वाटऐवजी लेग प्रेस, किंवा हातात हलके डंबेल घेऊन एकेक पाय पुढे टाकत लंजेस. हे धोका टाळण्यासाठी नसून, काम चालू राहावं म्हणून. ताकद टिकवायला आठवड्यातले दोन सेटही पुरतात. एका आठवड्याने कमावलेलं जात नाही.

योगासनांबद्दल इथेच सांगते. आपल्याकडे, विशेषतः पुण्याच्या अय्यंगार परंपरेत, पाळीत शीर्षासन-सर्वांगासन करत नाहीत आणि त्याऐवजी लोड, बोल्स्टर लावून सुप्त बद्धकोणासनासारखी आधाराची आसनं देतात. उलट्या आसनांनी पाळीत अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण ती टाळल्याने कोणाचं काही बिघडतही नाही, आणि बोल्स्टरवर दहा मिनिटं पडून राहिलं की कंबर सैल होते हा अनुभव पुष्कळ जणी सांगतात. सोबत पोटावर गरम पाण्याची पिशवी असेल तर आणखी चांगलं. शेक देणं हा आजीचा उपाय औषधविज्ञानाच्या कसोटीलाही उतरलेला आहे.

गोळीबद्दल मात्र थोडं तपशिलात बोलायला हवं, कारण धावणाऱ्या बायका इथे हमखास घोळ करतात. पाळीदुखीवर आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी, किंवा आयबुप्रोफेन, ही प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखते. आधीच तयार झालेलं ती पुसून टाकत नाही. म्हणून कळ सहन करत करत, अगदीच असह्य झाल्यावर घेतलेली गोळी अपुरी पडते, आणि पहिली चाहूल लागताच, काहीतरी खाऊन घेतलेली गोळी जास्त काम करते. आमच्या बाईने शनिवारी संध्याकाळी, जेवणानंतर ती घेतली असती तर रविवारची पहाट कदाचित सहाऐवजी तीनवर सुरू झाली असती. पण याच गोळ्या लांब धावेच्या तोंडावर घेणं वाईट. घाम खूप गेला, पाणी कमी पडलं, की मूत्रपिंडाकडचं रक्त कमी होतं. अशा वेळी ते टिकवून धरायचं काम प्रोस्टाग्लँडिनच करत असतात, आणि गोळीने नेमकं तेच बंद केलेलं असतं. पोटातलं अस्तरही दुखावतं. तेव्हा सकाळी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी छोटी, थंड वेळेची धाव. तीन तास उन्हात पळायचं असेल तर गोळी नको. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्यांना हात लावू नये. मेफेनॅमिक ॲसिडबाबत भारतीय औषधकोश आयोगाने 2023 च्या अखेरीस डॉक्टरांना आणि रुग्णांना सावध केलं होतं. ही गोळी घेतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आणि सोबत ताप आला, तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठावा.

कळेचं निदान तसं सोपं, ती कुठे आहे नि किती आहे हे बोट ठेवून सांगता येतं. गळून गेल्यासारखं वाटणं हे जास्त फसवं. ‘पाळी आली की अंगात जीवच राहत नाही’ असं आपण म्हणतो, आणि बऱ्याचदा ते खरं असतं. पण बऱ्याचदा पाळीच्या नावावर दुसऱ्याच कोणाचं बिल फाडलं जातं.

म्हणून नोंदी. त्यासाठी ॲप लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. रोज रात्री त्या चौकोनात तीन आकडे लिहायचे. कळ किती, शून्य ते दहा. झोप किती तास. आणि आजचा व्यायाम किती जड गेला, तोही शून्य ते दहा. स्राव सुरू झाला त्या दिवसावर एक टिंब. तीन चक्रं, म्हणजे साधारण तीन महिने, एवढं करून मग पानं शेजारी शेजारी ठेवून पाहायची. जी गोष्ट तीनपैकी किमान दोन वेळा त्याच सुमाराला आली ती आपली खूण समजावी. एकदाच आली ती सोडून द्यावी.

आमच्या बाईने ऑक्टोबर ते डिसेंबर नोंदी ठेवल्या असं धरू. तिला वाटत होतं, की पाळीचा अख्खा आठवडा तिचा वाया जातो. पानांवर दिसतं वेगळंच. कळ फक्त पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळपर्यंत, तिन्ही वेळा. तिसऱ्या दिवसापासून व्यायाम नेहमीइतकाच जातो. खरी पडझड पाळीच्या आधीच्या दोन रात्री, तीनपैकी दोनदा. तेव्हा झोप साडेसहावरून पाच तासांवर येते, आणि दुसऱ्या दिवशीची साधी धावही आठ आकड्याची वाटते. पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीराचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत वाढलेलं असतं, नाडीही किंचित जलद असते. ऑक्टोबरच्या उकाड्यात ठाण्याच्या दमट हवेत याची भर पडली, की तोच वेग जास्त महाग पडतो. इथे उपाय व्यायाम सोडण्याचा नाही. घड्याळातला वेग बघणं त्या दोन दिवसांपुरतं सोडायचं. ‘पाच आकड्याइतकं जड’ असं ठरवून धावायचं, मग किलोमीटरला सात मिनिटं लागोत की साडेसात. शरीरावर ताण तितकाच पडतो, म्हणजे व्यायाम तितकाच होतो.

आणि डिसेंबरच्या पानावर आणखी एक गंमत. गुरुवार. एकामागून एक गुरुवार जड, आणि त्यांचा पाळीच्या टिंबाशी काही संबंध नाही. मार्गशीर्ष लागला होता. आदल्या रात्री लवकर आणि हलकं जेवण, पहाटे कोऱ्या चहावर सहा किलोमीटर, मग दिवसभर साबुदाणा आणि फळं. दोष हॉर्मोनचा नव्हताच, पोट रिकामं होतं. उपास करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण तो करायचा असेल तर महिन्यापुरती गुरुवारची धाव बुधवारी नेणं हा साधा उपाय आहे. नोंदी नसत्या तर हेही पाळीच्याच खात्यावर गेलं असतं.

तिसरी शक्यता या दोन्हींहून गंभीर. थकवा महिनाभरच आहे, जिना चढताना धाप लागते, पूर्वी सहज जमणारं अंतर आता जमत नाही, आणि पाळीत अंगावरून जास्त जातं. इथे वेळापत्रकाशी खेळत बसू नये, रक्त तपासावं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे धावण्याच्या ग्रुपमध्ये दहा जणी असतील, तर त्यातल्या काहींना तो असण्याची शक्यता बरीच. नुसतं हिमोग्लोबिन पाहून थांबू नये. ते 12 च्या वर असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा होत आलेला असू शकतो, आणि तो साठा दाखवते फेरिटिनची तपासणी. साठा तळाला गेलेला असेल तर कितीही हुशारीने आठवडे सरकवले तरी दम परत येत नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात आणि चहासोबत घेऊ नयेत. जेवणावर लगेच चहा पिण्याची सवय असेल तर तो तास-दीड तास पुढे ढकलावा, चहा लोह शोषू देत नाही.

डॉक्टरकडे जायच्या आणखी दोन-तीन खुणा आहेत. दर तासा-दोन तासाला पॅड भिजतो, गाठी पडतात, स्राव आठवडा उलटला तरी थांबत नाही. कळा वर्षागणिक वाढत चालल्यात, गोळीने भागत नाही, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं. यामागे एंडोमेट्रिओसिस किंवा फायब्रॉइड असू शकतं, आणि ‘लग्न झालं की थांबेल’, ‘मूल झालं की बरं वाटेल’ हा त्यावरचा इलाज नव्हे. आणि शेवटची खूण उलट्या बाजूची. व्यायाम वाढवला, वजन उतरलं आणि पाळी तीन महिने आलीच नाही. ‘बरंच झालं, कटकट गेली’ असं काही मुलींना वाटतं, काही प्रशिक्षकही तसंच समजतात. गरोदरपण नसेल, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ खाणं व्यायामाला पुरत नाही असा असतो. शरीर आधी पुनरुत्पादनाचा खर्च बंद करतं, मग हाडं झिजवायला लागतं. अशा वेळी लक्षणं नसलेला महिना चांगला मानून व्यायाम वाढवणं म्हणजे आगीत तेल.

हे सगळं प्रशिक्षकाला सांगायचं कसं, हा आपल्याकडचा खरा अडसर. तालुक्याच्या मैदानावर सर पुरुष, मुली चौदा-पंधरा वर्षांच्या. पाळी आली की एक तर मुली येतच नाहीत, किंवा येतात आणि मुकाट्याने ओढतात. सरही बिचारे चेहरा बघून ‘आज लक्ष नाही तुझं’ म्हणून ओरडतात. यावर एक सोपी रीत चालते. सरांनी रोजचा व्यायाम फळ्यावर लिहितानाच दोन ओळींत लिहायचा, पूर्ण आणि छोटा. ज्याला छोटा हवा त्याने तो घ्यायचा, कारण विचारलं जाणार नाही. मुलांनाही तीच मुभा, म्हणजे कोण का घेतंय हे कळतच नाही. एखादी धीट मुलगी मग सरळ येऊन सांगतेही, “सर, आज दुसरा दिवस आहे, मेन सेट अर्धा करते.” पण तसं सांगण्याची सक्ती नको.

राहता राहिला स्पर्धेचा दिवस, जो कोणासाठी सरकत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानू 199 किलो उचलून चौथी आली, कांस्यपदक एका किलोने हुकलं. आपला पाळीचा तिसरा दिवस होता आणि थोडा अशक्तपणा जाणवत होता, असं तिने नंतर मोकळेपणी सांगितलं. 2002 मध्ये शिकागोला पॉला रॅडक्लिफ पाळीच्या कळा सोसत मॅरेथॉन धावली आणि तिने जागतिक विक्रम केला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कोणताही नियम निघत नाही, तसा तो काढूही नये.

तारीख पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्याकडे गणपतीला, पूजेला सर्रास घेतल्या जातात, आणि शर्यतीसाठीही हल्ली विचारलं जातं. त्या हॉर्मोनच्या गोळ्या आहेत, अपेक्षित तारखेच्या सुमारे तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात, आणि रक्तात गाठी होण्याचा इतिहास असेल तर चालत नाहीत. मेडिकलमधून परस्पर आणून शर्यतीच्या आठवड्यात पहिल्यांदा घेणं तर नकोच, कारण त्यांनी पोट फुगलं, मळमळलं तर ते नेमकं त्याच दिवशी.

त्यापेक्षा तयारीच्या महिन्यांतच पहिल्या दिवसाची रंगीत तालीम करावी. म्हणजे प्रत्येक पाळीचा पहिला दिवस सुट्टीत घालवू नये. दोन-तीन वेळा त्या दिवशी मुद्दाम थोडं धावावं, भले चारच किलोमीटर. कोणती चड्डी ओली झाल्यावर मांडीला घासते, पॅड किती वेळ टिकतो, आदल्या रात्री घेतलेल्या गोळीचा असर सकाळपर्यंत राहतो का, सकाळी काय खाल्लं तर मळमळत नाही, हे तेव्हाच कळतं. मग जानेवारीच्या त्या रविवारी नेमकी पाळी आलीच, तर आमच्या बाईला एवढंच करायचं आहे. पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद हळू. वाटेतली स्वच्छतागृहं कुठे आहेत हे आदल्या दिवशी नकाशावर बघून ठेवायचं. आणि तिसऱ्या किलोमीटरला स्वतःला तेच तीन प्रश्न विचारून मग वेग ठरवायचा.